घंटागाडीचा रस्ता आणि ग्राफ थिअरीचं एक पान

दोन खणांची आडवी खिडकी डोळ्यांसमोर आणा. एका छोट्या वस्तीचे रस्ते नेमके तसे आहेत असं समजू. खाली डावीकडून उजवीकडे तीन चौक आहेत : क, ख आणि ग. त्यांच्या बरोबर वर आणखी तीन : च, छ आणि ज. आडवे रस्ते चार, प्रत्येकी 200 मीटर. उभ्या गल्ल्या तीन, प्रत्येकी 100 मीटर. एकूण सात रस्ते, लांबी 1,100 मीटर.

आता या वस्तीत दोन माणसांना काम आहे. एक वायरमन सहाही चौकांतले दिवे तपासून जिथून निघाला तिथे परत येणार आहे. दुसरा घंटागाडीचा ड्रायव्हर. त्याला प्रत्येक गल्लीतून जाऊन कचरा घ्यायचा आहे आणि तोही निघाल्या ठिकाणी परतणार आहे. वायरमन बाहेरच्या चौकटीवरून एक फेरी मारतो, 1,000 मीटरमध्ये त्याचं काम होतं. घंटागाडीला तोच रस्ता दिला तर ती सहाही चौकांतून जाईल, पण मधल्या ख–छ गल्लीतल्या लोकांचा कचरा दारातच राहील.

मी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स शिकवतो. परीक्षेच्या आठवड्यात मुलं ग्राफ थिअरीच्या धड्याचा सारांश काढून आणतात. त्यात व्याख्या असतात, प्रमेयं असतात, शेवटी ‘कुठल्या गणिताला कुठला अल्गोरिदम’ अशी यादी असते. आराखडा बरोबर आहे. तरीही पेपरात हीच मुलं वायरमनचा रस्ता घंटागाडीला देतात. त्यांची नोट्स वाचताना कारण कळतं. तिन्ही भाग एकमेकांशी न बोलता शेजारी शेजारी बसलेले असतात. व्याख्या पुस्तकाच्या क्रमाने उतरवलेल्या, प्रमेयांमधल्या अटी जागा वाचवायला गाळलेल्या, आणि यादीत ‘शॉर्टेस्ट पाथ : डायक्स्ट्रा’ अशी जोडी लावून काम संपलेलं.

माझं म्हणणं असं, की पान शेवटाकडून लिहावं. आधी यादीतले प्रश्न ठरवा. त्या प्रश्नांची उत्तरं द्यायला जी प्रमेयं लागतील तीच वर घ्या. त्या प्रमेयांत जे शब्द येतील त्यांच्याच व्याख्या सगळ्यात वर लिहा. असं केलं की चाळीस पानांचा धडा खरोखर एका कागदावर मावतो.

व्याख्यांपासूनच बघू. ग्राफ म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणारे दुवे. पुस्तकात त्यांना व्हर्टेक्स आणि एज म्हणतात. रेघ सरळ काढली की वाकडी, लांब की आखूड, याला काही किंमत नाही. कोण कोणाला जोडलंय एवढंच महत्त्वाचं. एका बिंदूशी जितके दुवे येऊन मिळतात ती त्याची डिग्री. आपल्या वस्तीत चार कोपऱ्यांची डिग्री 2 आणि मधल्या ख, छ या चौकांची 3. कुठूनही कुठेही पोचता येत असेल तर ग्राफ सलग. सगळे बिंदू जोडलेले आहेत पण फिरून त्याच जागी आणणारं एकही चक्र नाही, असा ग्राफ म्हणजे ट्री, झाड. दुव्यावर अंतर, भाडं किंवा वेळ असा आकडा लिहिला तर तो त्याचं वजन. दुव्याला बाण असेल तर रस्ता एकेरी.

या व्याख्यांत एक जोडी अशी आहे की ती एकाच ओळीत, एकमेकींना लागून लिहावी. प्रत्येक दुवा नेमका एकदा चालून परत येणारी फेरी ती ऑयलरची. प्रत्येक बिंदू नेमका एकदा गाठून परत येणारी फेरी ती हॅमिल्टनची. घंटागाडी ऑयलरची आहे आणि वायरमन हॅमिल्टनचा. वेगवेगळ्या पानांवर वाचल्या की या दोन व्याख्या सारख्याच वाटतात. शेजारी ठेवल्या की फरक एका शब्दाचा आहे हे दिसतं.

आणि त्या एका शब्दाने किती फरक पडतो, ते प्रमेयांच्या भागात कळतं. 1736 सालच्या आपल्या निबंधात लेओनार्ड ऑयलर यांनी क्योनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचा प्रश्न सोडवला. नदीने शहराचे चार तुकडे केले होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं शहर फिरता येईल का, असा तो प्रश्न होता. चार तुकड्यांना येऊन मिळणारे पूल अनुक्रमे 5, 3, 3 आणि 3. ऑयलर यांचा युक्तिवाद साधा होता. वाटेतल्या तुकड्यात जितक्या वेळा आत याल तितक्याच वेळा बाहेर पडाल, म्हणजे तिथले पूल जोडीजोडीने वापरले जाणार. विषम पूल चालतील ते फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या तुकड्यात. क्योनिग्सबर्गमध्ये चारही विषम, म्हणून तशी फेरी अशक्य. उलट दिशेचा पक्का पुरावा, म्हणजे सगळ्या डिग्री सम असतील तर फेरी मिळतेच, कार्ल हीअरहोल्त्सर यांच्या नावावर आहे. तो त्यांच्या मृत्यूनंतर, 1873 मध्ये छापला गेला.

म्हणून पानावर हे प्रमेय असं यायला हवं : सलग ग्राफमध्ये ऑयलर फेरी असते, जर आणि फक्त जर प्रत्येक बिंदूची डिग्री सम असेल. ‘जर आणि फक्त जर’ हे शब्द कधीही गाळू नका. त्यांचा अर्थ असा की ही कसोटी दोन्ही बाजूंनी चालते. अट पाळली तर फेरी आहे, मोडली तर नाही, आणि हे सांगायला रस्ता शोधावाही लागत नाही, नुसत्या डिग्री मोजायच्या.

हॅमिल्टनच्या बाबतीत अशी कसोटी आपल्या हातात नाही. पुस्तकात डिरॅक यांचं 1952 सालचं प्रमेय असतं : किमान तीन बिंदू असलेल्या साध्या ग्राफमध्ये प्रत्येकाची डिग्री एकूण बिंदूंच्या निम्मी किंवा जास्त असेल, तर हॅमिल्टन फेरी असते. इथे नुसतं ‘तर’ आहे. आपल्याच वस्तीवर लावून बघा. बिंदू सहा, निम्मे तीन. कोपऱ्यांची डिग्री 2, म्हणजे अट मोडली. पण वायरमनची फेरी तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. अट मोडली म्हणून ‘फेरी नाही’ असं लिहिलं की उत्तर चुकलं. दरवर्षी पेपर तपासताना ही चूक मला पुन्हा पुन्हा दिसते, आणि तिचं मूळ बहुतेक वेळा नोट्समध्येच असतं. म्हणून माझ्या पानावर प्रत्येक प्रमेयापुढे बाण काढलेला आहे, एकतर्फी किंवा दुतर्फी. सगळ्या पानात सर्वाधिक उपयोगी गोष्ट कोणती म्हणाल, तर हे बाण.

घंटागाडीला आपण तसंच सोडून आलो आहोत. ख आणि छ विषम आहेत, म्हणजे एकही गल्ली दोनदा न चालता परत येणं शक्य नाही. मग कमीत कमी किती जास्त चालावं लागेल? चिनी गणिती मेइ-को क्वान यांनी 1960 मध्ये हा प्रश्न पोस्टमनच्या रूपात मांडला, त्यामुळे तो चायनीज पोस्टमन या नावाने ओळखला जातो. त्याची रीत अशी : विषम बिंदूंच्या जोड्या लावा, प्रत्येक जोडीतला सर्वांत जवळचा रस्ता दुसऱ्यांदा चालायचा असं ठरवा, आणि ज्या जोडणीत जादा अंतर सर्वांत कमी ती निवडा. आपल्याकडे विषम बिंदू दोनच, त्यामुळे जोडी एकच. ख ते छ सर्वांत जवळचा रस्ता 100 मीटरची मधली गल्ली. तेव्हा गाडी क, ख, ग, ज, छ, ख, परत छ, च आणि शेवटी क अशी जाईल. मोजून बघा, 1,200 मीटर होतात आणि एकही दार सुटत नाही. विषम बिंदू चार असते तर जोड्या लावायच्या पद्धती तीन झाल्या असत्या, सहा असते तर पंधरा. मोठ्या शहरासाठी त्या जोड्या निवडण्याचीही वेगळी, झटपट होणारी रीत आहे.

वायरमनला मात्र अशी रीत नाही. हॅमिल्टन फेरी आहे की नाही हे कोणत्याही ग्राफसाठी झटपट सांगणारा अल्गोरिदम आजवर कोणाला मिळालेला नाही. 1972 मध्ये रिचर्ड कार्प यांनी अवघड म्हणून दाखवून दिलेल्या 21 प्रश्नांत तो आहे. म्हणून यादीत त्याच्यापुढे अल्गोरिदमचं नाव लिहायचं नाही. ‘बिंदू थोडे असतील तर सगळे क्रम तपासा, जास्त असतील तर पुरेसं चांगलं उत्तर पुरे’, असं लिहायचं. ‘याला झटपट रीत नाही’ हेही यादीतलं एक उत्तरच आहे.

आता यादीकडे वळू. तिचा पहिला प्रश्न तर आपण शिकलोच : प्रत्येक दुवा चालायचाय की प्रत्येक बिंदू गाठायचाय? दोन्हींपैकी काहीच नसेल, तर पुढचा प्रश्न : एकाकडून दुसऱ्याकडे पोचायचंय, की सगळ्यांना एकत्र जोडायचंय? इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबू.

तीन वाड्या घ्या. वरची ते मधली 4 किलोमीटर, मधली ते खालची 4, आणि वरची ते खालची थेट 6. पाण्याची टाकी वरच्या वाडीत आहे. कमीत कमी पाइप टाकून तिन्ही वाड्यांना नळ द्यायचा. इथे दोन चार-चारचे तुकडे घ्यायचे, 8 किलोमीटरमध्ये काम होतं. याला मिनिमम स्पॅनिंग ट्री म्हणतात. आता वरच्या वाडीतून रुग्णवाहिका खालच्या वाडीला निघाली आहे. ती पाइपच्या मार्गाने गेली तर 8 किलोमीटर जाईल, थेट रस्त्याने 6. आणि पाइप टाकणाऱ्याने प्रत्येक वाडीला टाकीपासून सर्वांत जवळचा रस्ता धरला तर 4 आणि 6 मिळून 10 किलोमीटर खोदकाम होईल. दोन्हीकडे दोन किलोमीटरचा फटका, कारण एकाचं उत्तर दुसऱ्याला दिलं. गणितात ‘सर्वांना जोडणारं, एकूण कमीत कमी’ असं आलं की झाड. ‘इथून तिथे, कमीत कमी’ असं आलं की सर्वांत जवळचा रस्ता. दोन्हींत ‘कमीत कमी’ आहे, म्हणून त्या शब्दावर विसंबायचं नाही.

झाडाच्या प्रश्नाला पहिलं चोख उत्तर चेक गणिती ओताकार बोरूव्का यांनी 1926 मध्ये दिलं, ते मोराविया प्रांतात विजेच्या तारा टाकायच्या प्रश्नावरून. आज वर्गात क्रुस्कल आणि प्रिम यांच्या रीती शिकवतात. क्रुस्कलच्या रीतीत सगळे दुवे स्वस्तापासून महागापर्यंत लावायचे आणि ज्याने चक्र पूर्ण होत नाही असा प्रत्येक दुवा उचलत जायचं. प्रिमच्या रीतीत एका बिंदूपासून सुरू करून झाडाला दर वेळी सर्वांत स्वस्त नवा दुवा जोडायचा. गंमत म्हणजे एडस्गर डायक्स्ट्रा यांनी 1959 साली छापलेल्या छोट्याशा निबंधात दोन प्रश्न शेजारी शेजारी सोडवले होते : एक हा झाडाचा आणि दुसरा जवळच्या रस्त्याचा. प्रोग्राम लिहिताना प्रिम आणि डायक्स्ट्रा यांच्यात खरोखर एकाच ओळीचा फरक पडतो. अजून न घेतलेल्या बिंदू `v` साठी पहिली ओळ प्रिमची, दुसरी डायक्स्ट्राची :

```
if w < d[v]: d[v] = w
if d[u] + w < d[v]: d[v] = d[u] + w
```

पहिली ओळ विचारते, ‘नवा पाइप केवढा?’ दुसरी विचारते, ‘टाकीपासून एकूण किती लांब?’ मुलांना हे वाचून दाखवलं की आधीचा गोंधळ पुष्कळसा निवळतो.

जवळच्या रस्त्याचा प्रश्न आहे असं ठरलं, की आणखी एक गोष्ट विचारायची : वजनं कशी आहेत? वजनं नसतील, म्हणजे फक्त ‘कमीत कमी किती टप्पे’ हवे असतील, तर ब्रेड्थ फर्स्ट सर्च पुरतो. वजनं आहेत पण एकही उणे नाही, तर डायक्स्ट्रा. एखादं उणे असेल, तर बेलमन–फोर्ड. ही तिसरी अट का लागते हे स्वतः करून बघितल्याशिवाय लक्षात राहत नाही.

मालाची ने-आण करणारा टेंपो घ्या. अ गावाहून ब गावाला जायला निव्वळ खर्च 200 रुपये. अ हून क ला 500. पण क हून ब ला जाताना भाड्याचा माल मिळतो, त्यात खर्च वजा जाऊन 400 रुपये हातात उरतात, म्हणजे त्या दुव्याचं वजन उणे 400. ब हून ड ला 100. डायक्स्ट्रा अ पासून सुरू करतो. सर्वांत स्वस्त दिसतो ब, 200 ला. ‘याहून स्वस्त आता होणं नाही’ म्हणून तो ब वर शिक्का मारतो आणि मग ड 300 ला ठरवतो. शेवटी 500 ला क हाती येतो, तिथून ब फक्त 100 ला पडतो, पण शिक्का बसलेला आहे. उत्तर ब 200 आणि ड 300, खरं उत्तर 100 आणि 200. कुठेही एरर येत नाही, प्रोग्राम नीट चालतो आणि चुकीचा आकडा छापतो. ‘पुढे चालल्याने खर्च वाढेलच, कमी होणार नाही’ या एका गृहीतावर डायक्स्ट्राचा शिक्का उभा आहे, आणि उणे वजन तेच गृहीत मोडतं.

इथे हुशार मुलं हमखास एक युक्ती सुचवतात : सगळ्या दुव्यांत 400 मिळवा, उणे काही राहणारच नाही. करून बघू. अ–ब 600, अ–क 900, क–ब 0. आता थेट रस्ता 600 चा आणि क वरून 900 चा. युक्तीने थेट रस्ताच जिंकवला, उत्तर पुन्हा चुकलं. कारण थेट रस्त्यात एकच दुवा, त्याच्यावर 400 एकदाच चढले. वळसा दोन दुव्यांचा, त्याच्यावर 800 चढले.

पण हीच युक्ती झाडाच्या प्रश्नात बिनचूक चालते. का? कारण पानाच्या वरच्या भागात एक साधं प्रमेय लिहिलेलं आहे : n बिंदूंच्या झाडात दुवे नेहमी n − 1 असतात. झाड कोणतंही असो, प्रत्येकावर सारखेच 400 × (n − 1) चढतात, म्हणून आधी जे सर्वांत स्वस्त होतं तेच सर्वांत स्वस्त राहतं. त्यामुळेच क्रुस्कल आणि प्रिम यांना उणे वजनांची भीती नाही. ‘झाडात n − 1 दुवे’ हे वाक्य मुलं दोन गुणांच्या प्रश्नासाठी पाठ करतात. कोणता अल्गोरिदम कुठे टिकेल आणि का, याचं उत्तर त्याच वाक्यात आहे.

बेलमन–फोर्ड शिक्का मारतच नाही. तो सगळे दुवे पुन्हा पुन्हा तपासतो, बिंदूंपेक्षा एक कमी इतक्या फेऱ्या. आपल्या चार गावांसाठी तीन. त्यानंतर एक जादा फेरी करायची. त्या फेरीतही एखादा आकडा खाली आला, तर समजायचं की कुठेतरी असं चक्र आहे ज्यात फिरत राहिलं की दर फेरीला पैसे सुटतात. मग ‘कमीत कमी खर्च’ या प्रश्नालाच उत्तर उरत नाही, आणि तसंच लिहायचं.

उरलेलं यादीत चार ओळींत बसतं. सगळ्यांपासून सगळ्यांपर्यंतची अंतरं हवी असतील तर फ्लॉइड–वॉरशल. त्यात एकात एक तीन लूप असतात, म्हणून 100 बिंदूंना दहा लाख पायऱ्या होतात आणि 10,000 बिंदूंना एक लाख कोटी. बिंदू किती आहेत ते आधी बघा. ‘हे झाल्याशिवाय ते नाही’ अशी कामं असतील तर टोपोलॉजिकल सॉर्ट, पण बाणांचं चक्र नसेल तरच. दोन गटांत विभागणी विचारली तर बिंदूंना आळीपाळीने दोन रंग देत जा. विषम लांबीचं चक्र नसेल तर, आणि तरच, ते जमतं. या प्रमेयाचा बाण दुतर्फी आहे.

पान लिहून झालं की आणि पेपरात प्रत्येक चित्र काढून झालं की एक शेवटची तपासणी करा. सगळ्या डिग्रींची बेरीज दुव्यांच्या दुप्पट यायला हवी, कारण प्रत्येक दुव्याला दोन टोकं असतात. वस्तीत 2, 2, 2, 2, 3, 3 मिळून 14, रस्ते सात. क्योनिग्सबर्गमध्ये 5, 3, 3, 3 मिळून 14, पूल सात. तुमची बेरीज दुपटीला जुळत नसेल तर अल्गोरिदम सुरू करू नका. आधी चित्राशी परत जा आणि दुवे पुन्हा मोजा.